१३ गोळ्या रोज, १४ दिवस: एच. पायलोरीचा कोर्स अर्धवट न सोडता कसा संपवायचा

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. ठाण्यात नोकरी करणारी, दोन मुलांची आई आणि हा कोर्स दोनदा केलेली बाई आहे. पहिल्यांदा सहाव्या दिवशी सोडला, दुसऱ्यांदा पूर्ण केला. ज्यांच्या हातात आत्ता प्रिस्क्रिप्शन आहे, किंवा ज्यांचा तिसरा दिवस चालू आहे आणि "जाऊदे, बंद करते" असं मनात येतंय, त्यांच्यासाठी लिहितेय.

पहिल्या वेळची गोष्ट थोडक्यात. हिमोग्लोबिन सतत कमी, लोहाच्या गोळ्या घेऊनही वर येईना, वरून पोटात जळजळ. एंडोस्कोपी झाली, एच. पायलोरी निघाला. हा जंतू पोटात राहिला की लोह नीट शोषलं जात नाही, हे मला तेव्हा कळलं. किट लिहून दिलं, म्हणजे एका पट्टीत एका दिवसाच्या सकाळ-संध्याकाळच्या गोळ्या, त्यात क्लॅरिथ्रोमायसिन, अॅमॉक्सिसिलिन आणि अॅसिड कमी करणारी गोळी. तोंड कडू होईल, पोट बिघडेल, असं कोणी एका शब्दाने सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी तोंड असं झालं की चहासुद्धा नको वाटायला लागला, पाचव्या दिवशी जुलाब, मला वाटलं औषध अंगावर आलं, आणि जळजळ तर थांबलीच होती, मग सहाव्या दिवशी बंद. दोन महिन्यांनी टेस्ट पुन्हा पॉझिटिव्ह.

जळजळ थांबली ती अॅसिड कमी करणाऱ्या गोळीमुळे, जंतू मेला म्हणून नाही, हे न ओळखणं ही माझी चूक होती. हा जंतू पोटातल्या चिकट अस्तराच्या खाली, आम्लापासून लपून बसलेला असतो, तिथे औषध पोचायला वेळ लागतो, म्हणून दोन-तीन अँटिबायोटिक एकदम आणि तेही १४ दिवस. अर्धवट सोडलं की जे कच्चे असतात ते मरतात आणि जे औषधाला दाद देत नाहीत ते उरतात आणि वाढतात. त्यात क्लॅरिथ्रोमायसिन एकदा फुकट गेलं की पुढच्या वेळी ते सहसा वापरत नाहीत. म्हणजे सहा दिवसांत मी एक चांगलं औषध कायमचं घालवून बसले.

दुसऱ्या वेळी दुसऱ्या डॉक्टरांनी चार औषधांचा कोर्स दिला, बिस्मथवाला. माझ्या कागदावर असं होतं: अॅसिडची गोळी दिवसातून २ वेळा, बिस्मथ १२० मिलिग्रॅम ४ वेळा, टेट्रासायक्लिन ५०० मिलिग्रॅम ४ वेळा, मेट्रोनिडाझोल ४०० मिलिग्रॅम ३ वेळा. मोजा, दिवसाला १३, आणि १४ दिवसांत १८२. तुमच्या कागदावर वेगळं असू शकतं, डोस तुमच्या डॉक्टरांचाच धरा, माझा कॉपी करू नका. खालचं सगळं या चार औषधांच्या कोर्सबद्दल आहे, किटवाल्यांसाठी जिथे वेगळं आहे तिथे सांगते.

सुरू करायच्या आधी

सगळ्यात पहिलं, १४ दिवसांची सगळी औषधं हातात आल्याशिवाय पहिली गोळी घेऊ नका. टेट्रासायक्लिन आजकाल प्रत्येक मेडिकलमध्ये मिळत नाही. मला चार दुकानं फिरावी लागली. एकाने सांगितलं, "ताई, डॉक्सी देऊ का, तेच आहे." तेच नाहीये. नावं बहिणी-बहिणींची वाटली तरी या जंतूवर डॉक्सीसायक्लिनचा रिझल्ट टेट्रासायक्लिनएवढा येत नाही, बदलायचंच असेल तर डॉक्टरांना फोन करून, काउंटरवर नाही. आणि टेट्रासायक्लिनची एक्सपायरी नीट बघा, मुदत संपलेलं टेट्रासायक्लिन किडनीला त्रास देऊ शकतं. घरात कुठे जुनी पट्टी पडलेली असेल तर ती वापरायचा मोह नको.

दुसरं, चालू असलेली सगळी औषधं डॉक्टरांना वाचून दाखवा, सगळी म्हणजे सगळी. मी लोहाची आणि कॅल्शियमची गोळी घेत होते. लोह, कॅल्शियम, झिंक, अॅसिडिटीचं पांढरं जेल, हे सगळे टेट्रासायक्लिनला पोटातच धरून ठेवतात, ते रक्तात जातच नाही. डॉक्टरांनी मला लोह आणि कॅल्शियम दोन्ही १४ दिवस बंद करायला सांगितलं. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ते सांगितल्याशिवाय सुरूच करू नका, मेट्रोनिडाझोलने तिचा परिणाम वाढतो आणि रक्तस्राव होऊ शकतो. किटवाल्यांनी कोलेस्टेरॉलची गोळी, डायबिटीसची गोळी आणि हृदयाची गोळी खास सांगायची, क्लॅरिथ्रोमायसिनचं त्यांच्याशी पटत नाही. पेनिसिलिनची अॅलर्जी असेल तर किटमधलं अॅमॉक्सिसिलिन चालत नाही. दिवस गेले असतील किंवा शक्यता असेल तर टेट्रासायक्लिन अजिबात नाही, स्पष्ट सांगा.

तिसरं, दारू. मेट्रोनिडाझोल चालू असताना आणि संपल्यावर तीन दिवस थेंबसुद्धा नको, नाहीतर उलट्या, धडधड, चेहरा लाल, डोकं फुटेल असं दुखू शकतं. मी घेत नाही, मला वाटलं आपला प्रश्नच नाही. पण घरात सासूबाईंची अशोकारिष्टाची बाटली होती आणि मी ती अधूनमधून घ्यायचे. आसवं आणि अरिष्टं आंबवून केलेली असतात, त्यात आपोआप तयार झालेली दारू असते. खोकल्याच्या काही सिरपमध्येही असते. ही गोष्ट मला कोणी सांगितली नसती तर मी मळमळ होतेय म्हणून अजून दोन चमचे अरिष्ट घेतलं असतं.

चौथं, तारीख. मी दिवाळीचा फराळ संपल्यावर सोमवार, ३ नोव्हेंबरला सुरू केलं. बाहेरगावचं लग्न, ऑडिट, मुलांची परीक्षा असल्या आठवड्यात सुरू करू नका. पोटाचा नेम नसतो, चार दिवस तरी बाथरूम जवळ असलेलं बरं.

दिवसाचं वेळापत्रक, म्हणजे चहाचं काय करायचं

या कोर्समधला खरा घोळ दुधाचा आहे. दूध, दही, ताक, पनीर, श्रीखंड, सगळ्यात कॅल्शियम, आणि कॅल्शियम टेट्रासायक्लिनला बांधून टाकतं. नियम साधा: दुधाचं काही पोटात गेलं की २ तास टेट्रासायक्लिन नाही, आणि टेट्रासायक्लिन घेतलं की पुढचे २ तास दुधाचं काही नाही. ऐकायला सोपं वाटतं, पण आपण दिवसभरात किती वेळा दूध पितो ते मोजून बघा. सकाळचा चहा, नाश्त्याबरोबर चहा, जेवणात ताक, संध्याकाळचा चहा, रात्री दहीभात. दिवसात चार वेळा गोळी, मग दूध बसवायचं कुठे?

मी कागदावर घड्याळ काढून बसले तेव्हा हे जमलं. सकाळी ६ ला उठल्या उठल्या दुधाचा चहा. ८ वाजता अॅसिडची गोळी रिकाम्या पोटी, पाण्याबरोबर. ही गोळी जेवणाच्या अर्धा तास आधीच घ्यायची, जेवणानंतर घेतली तर ती जवळजवळ वाया, कारण पोटात आम्ल तयार करणारे पंप खाणं सुरू झालं की जागे होतात आणि त्यावेळी गोळी रक्तात असायला हवी. साडेआठला नाश्ता, पोहे किंवा उपमा किंवा भाकरीचा तुकडा, चहा नाही. पावणेनऊला बिस्मथ, टेट्रासायक्लिन, मेट्रोनिडाझोल. त्यानंतर ११ ला ऑफिसचा चहा, बिनधास्त.

दुपारी १:३० ला डबा, ताकाशिवाय, लगेच तीन गोळ्या. ४ वाजता वाटीभर दही किंवा ताक, ५ ला चहा. पावणेआठला अॅसिडची दुसरी गोळी, सव्वाआठला जेवण आणि परत तीन गोळ्या. शेवटचा डोस रात्री ११ ला, फक्त बिस्मथ आणि टेट्रासायक्लिन, त्याआधी दोन मारी बिस्किटं किंवा उरलेल्या भाताचे दोन घास. बिस्किटात दुधाची पावडर थोडी असते म्हणून मी घाबरले होते, डॉक्टर हसले, म्हणाले तेवढ्याने काही होत नाही, ग्लासभर दूध पिऊ नका म्हणजे झालं.

रात्रीच्या डोसची एक गोष्ट. टेट्रासायक्लिनची कॅप्सूल घोटभर पाण्याबरोबर गिळून लगेच आडवं झालं तर ती अन्ननलिकेत अडकते आणि तिथे जखम करते, छातीच्या मध्ये घास अडकल्यासारखं दुखतं आणि गिळताना टोचतं. ग्लासभर पाणी आणि अर्धा तास बसून राहायचं. मी त्या अर्ध्या तासात उद्याची भाजी निवडत बसायचे. कोर्स चालू असताना उन्हात फिरायला जपा, टेट्रासायक्लिनने कातडी लवकर भाजते.

फ्रिजवर एक कागद चिकटवला, १४ ओळी, चार चौकोन. घेतली की फुली. हे मला पोरीने करून दिलं आणि तिनेच रोज तपासलं, माझ्यापेक्षा कडक. फोनचा अलार्म मी बंद करून विसरते, फुली नसलेला चौकोन मात्र डोळ्यात खुपतो.

तोंडाची चव

कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक ठेवलं की ते कळकतं, तशी चव. ज्यांनी कळकलेलं ताक चाखलंय त्यांना बरोबर कळेल, बाकीच्यांनी जीभ जुन्या नाण्याला लावल्यासारखं समजा. मेट्रोनिडाझोलने होतं हे, आणि किटवाल्यांना क्लॅरिथ्रोमायसिनने. औषध रक्तातून लाळेत उतरतं, म्हणजे चव तोंडात वरून लागलेली नाही, आतून येतेय. म्हणून दहा वेळा ब्रश केला तरी जात नाही आणि म्हणून घाबरायचंही कारण नाही.

माझ्याकडे गोळीनंतर तास-दीड तासाने सगळ्यात वाईट व्हायची, मग हळूहळू उतरायची, तोपर्यंत पुढची गोळी. मग लक्षात आलं की गोळी घ्यायच्या आधीचा तास सगळ्यात बरा. मग जेवण तिथेच ठेवलं, गोळी जेवणानंतर. चव बिघडायच्या आत पोट भरलेलं असतं. उलट केलं, म्हणजे गोळी आधी आणि "जेवते थोड्या वेळाने" म्हटलं, तर जेवण जात नाही आणि रिकाम्या पोटात गोळीने मळमळ होते ती वेगळीच.

कामाला आलेल्या गोष्टी: आमसुलाचा तुकडा जिभेखाली धरणं हे नंबर एक. आंबट चवीने लाळ सुटते आणि ती कळकट चव धुऊन जाते. लिंबाची फोड, आवळ्याच्या वाळवलेल्या फोडी, बडीशेप पण चालतं. ज्यांना आंबटाने पोटात जळजळतं त्यांनी लवंग किंवा बडीशेपच बरी. स्टीलचा चमचा-वाटी सोडून लाकडी चमचा आणि काचेची वाटी घेतली, फरक पडला, मला आधी हा चावटपणा वाटला होता. गरम जेवणाची चव जास्त बिघडलेली लागायची, कोमट किंवा गार चालायचं, म्हणून डब्यात गार झालेली इडली उत्तम. मेट्रोनिडाझोलची गोळी मोडू नका, चावू नका, वरचं आवरण निघालं की ती इतकी कडू आहे की ती चव दिवसभर राहते. जिभेच्या मागच्या बाजूला ठेवून एका मोठ्या घोटात.

चव कोर्स संपल्यावर माझी चौथ्या दिवशी गेली. त्या दिवशीचा चहा मला अजून आठवतो.

जीभ काळी, शौच काळी

पाचव्या दिवशी आरशात जीभ काळी दिसली आणि मी ओरडलेच. बिस्मथ तोंडातल्या आणि आतड्यातल्या गंधकाबरोबर मिळून काळं संयुग होतं, तोच रंग जिभेवर आणि शौचाला. जीभ घासली की थोडी निघते, कोर्स संपल्यावर पूर्ण जाते. निरुपद्रवी.

पण पोटात अल्सर असलेल्या माणसाची काळी शौच रक्ताचीही असू शकते, म्हणून फरक ओळखता आलाच पाहिजे. बिस्मथची शौच काळी-हिरवट, बाकी नेहमीसारखी. रक्ताची असेल तर ती डांबरासारखी चकचकीत, चिकट, भांड्याला धरून बसणारी आणि वास असा की बाथरूमच्या बाहेर कळतो, आणि सोबत चक्कर, घाम, धडधड, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी. असं काही असेल किंवा उलटीत रक्त किंवा कॉफीच्या गाळासारखं काही दिसलं तर फोनही नको, सरळ हॉस्पिटल. मेट्रोनिडाझोलने लघवी गडद तांबूस होऊ शकते, तेही आधीच माहीत असलेलं बरं.

मळमळ

माझी मळमळ दुसऱ्या ते सहाव्या दिवसापर्यंत जोरात होती. मूठभर गोळ्या एकदम तोंडात टाकून एका घोटात उरकायची सवय होती, ती बदलली. जेवण पाऊण झालं की एक, दोन घास, दुसरी, दोन घास, तिसरी. गोळ्या अन्नामध्ये दबल्या की पोटाला कमी टोचतात. तळलेलं, मसालेदार आणि पोट तट्ट फुगेल इतकं जेवण बंद. मऊ भात, मुगाची खिचडी, मेतकूट भात, त्यावर तूप चालतं, तुपात कॅल्शियम जवळजवळ नसतंच. सकाळी आल्याचा बारीक तुकडा मीठ लावून.

मळमळीची गोळी मात्र स्वतःच्या मनाने नाही, आणि हे किटवाल्यांनी नीट वाचा. आपल्याकडे अॅसिडिटी आणि मळमळीला जी नावामागे "डी" लावलेली कॅप्सूल घरोघरी असते त्यात डोमपेरिडोन असतं. क्लॅरिथ्रोमायसिन शरीरात डोमपेरिडोन साठवून ठेवतं आणि दोघांनी मिळून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. घरात पट्टी आहे, सगळे घेतात, म्हणून घेऊ नका. डॉक्टरांना कोर्स लिहून देतानाच विचारा, "मळमळ झाली तर काय घेऊ?" आणि ते नाव त्याच कागदावर लिहून घ्या.

गोळी घेतल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली, त्यात गोळी दिसली, तर पुन्हा घ्यायची का ते फोन करून विचारा. तास-दोन तासांनी झाली तर गोळी सहसा पुढे गेलेली असते. उलट्या दिवसातून दोन-तीनदा, सलग दोन दिवस, पाणीही टिकत नाही, हे सोसायचं नसतं, डॉक्टर वेळा किंवा औषध बदलून देतात. माझं मेट्रोनिडाझोल त्यांनी जेवणाच्या मधोमध घ्यायला सांगितलं आणि मळमळ निम्मी झाली.

जुलाब

चौथ्या दिवसापासून मला दिवसाला तीन-चार वेळा पातळ. अँटिबायोटिक पोटातल्या जंतूबरोबर आतड्यातले कामाचे जंतूही मारतात, म्हणून. ताप नाही, रक्त नाही, पोटात मुरडा थोडासा. डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले अपेक्षित आहे, कोर्स चालू ठेवा, पाणी कमी पडू देऊ नका.

इथेच सासूबाईंशी माझं थोडं वाजलं. जुलाब म्हटलं की घराघरात एकच औषध, दही. त्या दर जेवणाला वाटी पुढे करायच्या, "अहो आई, गोळीबरोबर नको" म्हटलं की "आमच्या वेळी दह्यानेच थांबायचं." शेवटी तहात ठरलं, दही ४ वाजता. तेव्हा दुपारच्या गोळीला अडीच तास होऊन गेलेले आणि रात्रीची चार तासांवर. दही घ्यायला ना नाही, फक्त वेळ पाळायची.

ओआरएस घेताना पाकीट वाचा. मोठं पाकीट १ लिटर पाण्याचं असतं, छोटं २०० मिलिलिटरचं. मोठं पाकीट एका ग्लासात घातलं तर ते इतकं तीव्र होतं की उलट जुलाब वाढतात. पाकीट नसेल तर उकळून गार केलेल्या १ लिटर पाण्यात सपाट ६ चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा, ढीग नको. चोवीस तासांत संपवा, उरलं तर टाका. ओआरएसचा टेट्रासायक्लिनला त्रास नाही, पण जुलाबासाठी झिंकची गोळी कोणी दिली तर ती बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना विचारा, वर सांगितलं ते कारण.

प्रोबायोटिकबद्दल: डॉक्टरांनी मला सॅकरोमायसिस बोलार्डी लिहून दिलं, दिवसातून दोनदा. ही यीस्ट आहे, बॅक्टेरिया नाही, म्हणून अँटिबायोटिक तिला मारत नाही. पाचव्या दिवसापासून घेतली, सातव्या दिवशी जुलाब दोनवर आले. पुन्हा करायचं झालं तर मी पहिल्या दिवसापासून मागेन. दही-लॅक्टोबॅसिलसवालं प्रोबायोटिक असेल तर गोळीपासून दोन तास लांब. प्रतिकारशक्ती खूप कमी असलेल्यांनी, केमो वगैरे चालू असलेल्यांनी यीस्ट विचारल्याशिवाय नाही.

जुलाब थांबवायची गोळी, ज्याने एका दिवसात सगळं बंद होतं ती, स्वतःहून घेऊ नका. अँटिबायोटिकनंतर कधीकधी आतड्यात एक वेगळाच घातक जंतू माजतो आणि त्यात आतडं बंद करणं म्हणजे विष आत कोंडणं. तो ओळखायचा कसा: दिवसाला सहा-सात किंवा जास्त पाण्यासारखे जुलाब, ताप, पोटात जोराचा मुरडा, रक्त किंवा शेंबूड. यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर. आणि हे कोर्स संपल्यावर काही आठवड्यांनीही होऊ शकतं, तेव्हा नवीन डॉक्टरकडे गेलात तर "महिन्यापूर्वी अँटिबायोटिक झाली होती" हे सांगायला विसरू नका.

लगेच थांबवायचं कधी

अंगावर पित्तासारख्या गांधी उठणं, ओठ-डोळे सुजणं, श्वास लागणं, हे झालं तर पुढची गोळी नाही, सरळ इमर्जन्सी. डोळे पिवळे, हातापायाला मुंग्या किंवा बधिरपणा, झटका, असह्य डोकेदुखी आणि धूसर दिसणं, तर पुढची गोळी घ्यायच्या आधी डॉक्टरांशी बोलणं. बाकी चव, मळमळ, तीन-चार पातळ शौच, यासाठी फोन करा, पण गोळी चालू ठेवा.

चुकलेली गोळी

रविवारी, सातव्या दिवशी, भाच्याच्या साखरपुड्याला गेलो. दुपारचा डोस पर्समध्ये होता, गप्पांत राहिला, वर बासुंदीची वाटी पावणेदोनला. आठवलं साडेचारला. हिशोब केला: बासुंदीला पावणेतीन तास झालेले, म्हणजे दूध आड येत नाही. पुढचा डोस सव्वाआठला, म्हणजे अजून पावणेचार तास. मग एक पोळी खाऊन तिथेच घेतला, ५ चा चहा सोडला, रात्रीचा वेळेवर. हेच जर सात वाजता आठवलं असतं तर दुपारचा सोडून दिला असता आणि रात्रीचा एकच घेतला असता. दोन डोस एकदम कधीच नाही. एखादा चुकला म्हणून कोर्स फुकट जात नाही, पण किती चुकले ते त्या फ्रिजवरच्या कागदावर खरं लिहा आणि एक-दोनपेक्षा जास्त झाले तर डॉक्टरांना सांगा, शेवटी दोन दिवस वाढवून घ्यायचं स्वतः ठरवू नका.

संपल्यावर

१६ नोव्हेंबरला १८२वी गोळी गेली. आता टेस्टची तारीख, आणि इथेही लोक घाई करतात. शेवटच्या अँटिबायोटिकनंतर कमीत कमी ४ आठवडे थांबायचं, म्हणजे माझ्यासाठी १४ डिसेंबरच्या आधी नाही. आधी केली तर जंतू अर्धमेले, लपलेले असतात आणि टेस्ट खोटी निगेटिव्ह येते. शिवाय टेस्टच्या आधी २ आठवडे अॅसिडची ती गोळी बंद हवी. मी ती कोर्सबरोबरच संपवली होती, ज्यांना पुढे चालू असते त्यांनी विचारून थांबवायची. त्या काळात जळजळ उसळते, तेव्हा अॅसिडिटीचं जेल चालतं, आता टेट्रासायक्लिन नाही ना.

टेस्ट दोनच कामाच्या, श्वासाची नाहीतर शौचातल्या अँटिजेनची. लॅबवाले स्वस्तातली रक्ताची अँटिबॉडी टेस्ट सुचवतात, ती करू नका, जंतू मेल्यावरही अँटिबॉडी कित्येक महिने राहते आणि तुम्ही पॉझिटिव्ह म्हणून फिरत बसाल. मी १५ डिसेंबरला रिकाम्या पोटी श्वासाची केली, त्या फुग्यात फुंकायची. निगेटिव्ह. लोहाची गोळी कोर्स संपताच परत सुरू केली होती.

पॉझिटिव्ह आली असती तर पुढच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला असता की आधी काय काय घेतलं आणि किती दिवस. म्हणून दोन्ही वेळच्या रिकाम्या पट्ट्यांचे फोटो आणि तो फुल्यांचा कागद माझ्या फाइलमध्ये आहे, ५६ चौकोन, एक फुली तीन तास उशिराची, पोरीने तिथे लाल पेनाने "बासुंदी" लिहून ठेवलंय.